आर्ग्युमेंट चुकीच्या चरणात गेलं, ते कसं ओळखायचं?

प्रश्न: z = −1 + √3i साठी कॅल्क्युलेटर −60° देतो, पुस्तकात 120° आहे. माझं कुठे चुकतंय? (अकरावी, धुळे)

उत्तर: भाऊ, tan⁻¹ ला फक्त −√3 हा भागाकार दिसतो. वजा चिन्ह वरचं की खालचं, ते त्याला कळत नाही, म्हणून तो −90° ते 90° च्या बाहेर जातच नाही.

उत्तर परत उलगडून बघ: 2(cos(−60°) + i sin(−60°)) = 1 − √3i. दोन्ही चिन्हं उलटी आली, म्हणजे बिंदू दुसऱ्या चरणाऐवजी थेट समोर, चौथ्यात पडला. 180° मिळव, 120° येतील. बिंदू तिसऱ्या चरणात असता तर 180° वजा केले असते.

जळगावला माझ्या शिकवणीत पोरं मापांक 2 जुळला की निर्धास्त होतात. अरे, तो दोन्हीकडे 2 च येतो!