पल्ला ४०.८ येतो, कधी १७.७ येतो, ३०° च्या गणितात नेमकं काय चुकतं?

प्रश्न: अकरावी सायन्सला आहे, चोपडा तालुका. दगड २० मी/से वेगाने ३०° कोनात फेकला, तर उड्डाणकाल, महत्तम उंची आणि पल्ला काढा. सूत्रं पाठ आहेत, पण पल्ला कधी ४०.८ मी येतो, कधी १७.७. पुस्तकात ३५.३५ आहे. आणि शेतातल्या माळ्यावरून गोफणीने दगड फेकला, तर हेच सूत्र चालतं का?

उत्तर:

तुझी दोन्ही चुकीची उत्तरं कामाची आहेत, कारण कुठे पाय घसरला ते त्यांवरूनच कळतं. ४०.८ आलं तेव्हा तू sin 2θ म्हणजे 2 sin θ धरलंस. ३०° साठी ते २ × ०.५ = १ होतं आणि ४०० भागिले ९.८ म्हणजे ४०.८. इथे दुप्पट करायची ती कोनाची, sin ची नाही: sin ६०° = ०.८६६. शिवाय २० मी/से वेगाने सपाट जमिनीवर दगड जास्तीत जास्त जाऊ शकतो तोच ४०.८ मीटर, तोही ४५° कोनात. ३०° ला तेवढं अंतर आलं की तिथेच शंका यायला हवी.

१७.७ ची गोष्ट वेगळी. तिथे वर जायला लागलेला वेळच पूर्ण वेळ धरला गेला आणि दगड खाली यायचा राहून गेला.

मी वर्गात पल्ल्याचं सूत्र सगळ्यात शेवटी लिहितो. आधी वेगाचे दोन तुकडे करायचे. उभा घटक u sin θ = २० × ०.५ = १० मी/से. आडवा घटक u cos θ = २० × ०.८६६ = १७.३२ मी/से. दगड किती वेळ हवेत राहणार हे फक्त उभा घटक ठरवतो, कारण गुरुत्व त्यालाच खातं. दर सेकंदाला ९.८ मी/से कमी होत होत १० चा शून्य व्हायला १०/९.८ = १.०२ सेकंद लागतात. खाली यायला तेवढाच वेळ, म्हणून उड्डाणकाल २.०४ सेकंद.

उंचीसाठीही उभा घटकच लागतो: १०² / (२ × ९.८) = ५.१ मीटर. इथे पोरं हमखास घटकाऐवजी पूर्ण २० चा वर्ग करतात आणि २०.४ मीटर आणतात. ती सरळ वर फेकलेल्या दगडाची उंची झाली.

आता पल्ला. आडव्या वेगाला कुणी हात लावत नाही (हवेचा रोध आपण धरलेला नाही), म्हणून १७.३२ × २.०४१ = ३५.३५ मीटर. वेळेचा एक आकडा जास्त ठेव, २.०४ च घेतलं तर ३५.३३ येतं आणि उगाच घोळ वाटतो. गणितात g = १० दिलं असेल, तर उत्तरं २ सेकंद, ५ मीटर आणि ३४.६४ मीटर येतील. घरी मोबाइलवर पडताळताना उत्तर ऋण आलं, तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे असं समज. त्यात sin 30 टाकलं की −०.९८८ दाखवतो.

ताळा असा करायचा: H / R नेहमी tan θ / 4 एवढं येतं. आपल्याकडे ५.१ / ३५.३५ = ०.१४४ आणि ०.५७७ / ४ = ०.१४४. जमलं.

आता गोफण. तापीकाठी दादर निसवली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकतात, तो दगड सुटतो उंचावरून आणि पडतो जमिनीवर. u² sin 2θ / g हे सूत्र दगड सुटला त्याच पातळीवर परत येतो असं गृहीत धरतं, म्हणून इथे ते चालत नाही. H / R चा ताळाही इथे लागू नाही. समजा दगड हातातून सुटला ती जागा जमिनीपासून ३ मीटरवर आहे (माळ्याची नाही, हाताची उंची मोजायची). वरची दिशा धन धरली, तर

```
−3 = 10t − 4.9t²
4.9t² − 10t − 3 = 0
t = (10 + √158.8) / 9.8 = 2.306
```

दुसरं मूळ ऋण येतं, ते सोडून द्यायचं. बाकी सगळं तसंच: १७.३२ × २.३०६ म्हणजे साधारण ३९.९ मीटर. महत्तम उंची जमिनीपासून ३ + ५.१ = ८.१ मीटर. जुनं सूत्र इथे वापरलं असतं, तर पल्ला साडेचार मीटरने कमी आला असता.

माळ्यावरून सर्वांत लांब फेकायला ४५° हा कोनही थोडा चुकतो. २० मी/से आणि ३ मीटरसाठी तो ४३° येतो, पण दोन्ही पल्ल्यांतला फरक १० सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे पाखरांना काही कळणार नाही.