चाक दिसलं म्हणून ती ट्रॉली होत नाही

प्रश्न : फोटोतल्या बॅगेला काय म्हणायचं, डफल, सॅक की सूटकेस? खाली दोन चाकं, वर ओढायचा दांडा आणि पाठीवर घ्यायचे पट्टेही आहेत. एक चाक गेलंय, नवीन मागवायचंय. दुकानात काय नाव सांगू?

व्हील डफल, आणि चाकं इनलाइन. नुसतं ‘ट्रॉलीचं चाक द्या’ म्हणालात तर जे हातात येईल ते बहुतेक बसणार नाही. आमच्या परभणीच्या बाजारात चाक दिसलं की सरसकट सगळ्या बॅगांना ट्रॉलीच म्हणतात. शेजारचे दुकानदार काका यावरून माझ्याशी कायम वाद घालतात : ‘चाक हाये, दांडा हाये, आता अजून काय पाहिजे?’ चेन पाहिजे, काका. चेन कुठून कुठे जाते ते बघायचं, बॅगेचं नाव त्यावरून ठरतं.

तुमच्या फोटोत चेन वरच्या लांब बाजूने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली आहे. म्हणजे बॅग आडवी टाकून वरून उघडायची, आत एकच मोठा पोकळ कप्पा. ही डफलची खूण. सूटकेसची चेन कडेकडेने फिरते आणि बॅग पुस्तकासारखी उघडते. कडक कवचाच्या सूटकेसमध्ये तर ती बरोबर मधून जाते आणि दोन वाट्या वेगळ्या होतात. रकसॅकचं तोंड माथ्यावर असतं, बहुतेक वेळा दोरीने आवळायचं आणि वर झाकण.

पाठीवरच्या पट्ट्यांमुळे तुमचा गोंधळ झालाय. ते पट्टे जरा नीट बघा. कमरेचा पट्टा नाही, पाठीला गादी नाही, खांद्यावरून बॅगेच्या माथ्याकडे जाणारी ओढपट्टी नाही. रकसॅक घातली की बराचसा भार कमरेवर जातो, इथे सगळा खांद्यावर येणार. स्टेशनचा जिना चढण्यापुरते ते पट्टे ठीक आहेत, त्यांच्या भरवशावर कळसूबाईला जाऊ नका.

आता चाक. फोटोत चाक अर्धं बॅगेच्या कोपऱ्यात बुडालेलं आहे आणि त्याचा आस आडवा, चाकाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत, म्हणजे गालांमध्ये अडकवलेला आहे. असं चाक पुढे-मागेच फिरतं, ते इनलाइन. स्पिनर चाक बॅगेच्या तळाखाली पायासारखं उभं असतं, त्याच्या डोक्यावर उभी खीळ असते आणि ते चहूबाजूंनी गोल वळतं. फोटो तिरका असेल आणि दोनच चाकं दिसत असतील तर समोरचे दोन कोपरे बघा. तिथे चाकांऐवजी प्लॅस्टिकचे किंवा रबरी ठोकळे असतील तर बॅग दोनचाकी, कलवून ओढायची. तुमच्या फोटोत असा एक ठोकळा अर्धा दिसतोय, म्हणून मी इतक्या खात्रीने बोलतोय.

हा फरक किती महागात पडतो ते एका बॅगेवरून सांगतो. जिंतूरच्या एका ताईंनी अगदी तुमच्यासारख्याच बॅगेसाठी ‘५० एमएम ट्रॉली व्हील’ असं शोधून ऑनलाइन चाक मागवलं. आलं स्पिनर. त्याला वरती सपाट पट्टी आणि स्क्रूची भोकं, आणि यांच्या बॅगेच्या कोपऱ्यात सपाट जागाच नाही, नुसती कमान. फेविक्विकने चिकटवूनही बघितलं होतं म्हणे. मी म्हटलं, ताई, आधी मला नीट फोटो पाठवा. चाकाच्या तोंडावर दहा रुपयांचं नाणं चिकटपट्टीने लावा आणि मोबाइल अगदी समोर धरा.

दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. फोटो मोठा करून स्क्रीनवर पट्टी लावली. नाणं ३६ मिलिमीटर दिसलं, चाक ६४. चौसष्टला छत्तीसने भागून सत्तावीसने गुणलं की ४८. नाणं चाकाला चिकटलेलंच हवं. ते हातात धरून पुढे आणलं तर मोठं दिसतं आणि चाकाचं माप कमी भरतं. शक्यतो धड असलेलं चाक मोजा, फुटकं नको.

पण धड चाकही झिजलेलंच असतं. म्हणून चाक आणि कमान यांच्यातली फटही त्याच फोटोतून मोजली, ती ५ मिलिमीटर निघाली. ५० चं चाक घातलं की फट ४ उरते, चालतं. ५४ चं घातलं असतं तर दोनच उरली असती. मग आपल्या एसटी स्टँडवरचा एक खडा अडकला की चाक बंद. रुंदीसाठी दुसरा फोटो खालून घ्यायचा, नाणं या वेळी चाकाच्या शेजारी, मोबाइलकडे तोंड करून लावून. ताईंची रुंदी १८ निघाली. आस ६ मिलिमीटरचा होता.

चाक का गेलं हेही फोटोत दिसतं. वरचं आवरण तुकड्यातुकड्याने सुटलं असेल तर माल जुना झालाय, माळ्यावर नुसती पडलेल्या बॅगेचंही असं होतं. एकाच बाजूला सपाट घासलं असेल तर बेअरिंग अडकलं होतं आणि तुम्ही बॅग तशीच फरफटत नेलीत. आसाभोवती बहुतेक केस आणि दोरे गुंडाळलेले सापडतात. दर चार-सहा महिन्यांनी चिमट्याने ते काढले तर बेअरिंग इतक्या लवकर अडकत नाही.

बसवताना जुना आस बहुतेक रिव्हेटचा असतो, तो खोलत नाही. चाक आणि गाल यांच्या फटीत लोखंड कापायचं हॅक्सॉ ब्लेड घालून दोन्हीकडून कापा. गालाचं प्लॅस्टिक तापून वितळेल म्हणून ग्राइंडर लावू नका. नवीन आस स्क्रूचा घ्या. त्याची लांबी दोन्ही गालांच्या बाहेरून मोजायची, चाकाच्या रुंदीवरून नाही. चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक वॉशर टाका, नाहीतर चाक गालाला घासत राहतं. आणि जोडीच बदला. एक नवं, एक झिजलेलं ठेवलं तर बॅग एका बाजूला ओढते आणि मनगट दुखतं.

खांद्याच्या लांब पट्ट्याचा हूकही फोटोत वाकलेला वाटतोय. तो डी-कडीत अडकणारा फिरता हूक आहे. तोही घेणार असाल तर निवारपट्टीची रुंदी त्याच नाण्याने मोजा. बऱ्याच डफलवर ती ३८ मिलिमीटर असते. ५० चा हूक घेतला तर पट्टी आत सरकून गोळा होते.

एक राहिलंच. हल्ली काही प्रवासी रकसॅक सूटकेससारख्या पुढून उघडतात, तिथे माझा चेनचा नियम फसतो. अशा वेळी कमरेचा पट्टा बघून ठरवा. चार चाकांच्या कडक सूटकेसला स्पिनर लागलं तर मात्र नुसतं माप पुरत नाही. डावं-उजवं वेगळं असतं, आणि चाक ज्यात बसतं त्या घरट्यावर कोरलेला नंबर असेल तर त्याचाही फोटो लागेल.

काका हे वाचतील तर म्हणतील, ‘शेवटी ट्रॉलीच की!’ म्हणू द्या. त्यांच्या सांगण्यावरून डफलसाठी घेतलेली दोन स्पिनर चाकं माझ्या खोक्यात अजून तशीच पडून आहेत.