स्टॅमिना, बोनफायर आणि सांडलेले सोल्स: तीन वेगवेगळ्या युक्त्या की एकच हिशोब?

प्रश्न: «स्टॅमिना बऱ्याच गेममध्ये असतो, चेकपॉइंट तर सगळीकडेच असतात आणि मेल्यावर पैसे जाण्याचा प्रकारही जुनाच आहे. मग या तीन गोष्टी एकत्र आल्या की लगेच त्या गेमला ‘सोल्सलाइक’ का म्हणतात? मी सध्या ‘डार्क सोल्स’मध्ये टॉरस डीमन या बॉसपाशी अडकलो आहे.»

या तिन्ही गोष्टी सुट्या घेतल्या तर त्यांत नवीन काही नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. ‘डायब्लो २’मध्ये 2000 सालीच खेळाडूला आपल्याच प्रेतापर्यंत परत जाऊन सामान उचलावे लागत असे. माझ्या मते या शैलीचे वेगळेपण तिन्हींच्या जोडणीत आहे. ‘पुढे जावे की मागे फिरावे’ हा एकच प्रश्न स्टॅमिना, म्हणजे पात्राचा दम, दर काही सेकंदांना विचारतो, चेकपॉइंटचे काम करणारा बोनफायर दर काही मिनिटांनी विचारतो आणि शत्रू मारून मिळवलेले, पैशांसारखे वापरायचे जवळचे सोल्स सबंध बैठकभर विचारत राहतात. यातल्या एका ठिकाणी चुकीचे उत्तर दिले, तर त्याची किंमत पुढच्या ठिकाणी मोजावी लागते.

स्टॅमिनाचे उदाहरण घेऊ. वार करणे, लोळण घेणे, धावणे आणि ढालीवर घाव झेलणे या सर्वांचा खर्च त्याच एका हिरव्या पट्टीतून होतो. त्यामुळे हाव धरून मारलेला तिसरा वार हा प्रत्यक्षात पुढच्या लोळणीच्या पैशांतून मारलेला असतो. ढाल वर धरून ठेवली की पट्टी हळू भरते, आणि ती रिकामी होत असताना ढालीवर मोठा घाव बसला तर बचाव मोडून पात्र क्षणभर उघडे पडते. नवे खेळाडू घाबरून सतत ढाल वर धरतात आणि नेमके त्यामुळेच मार खातात. शत्रूचा वार संपताच ढाल खाली घेणे ही सवय अंगी बाणवावी लागते. बटणे भराभर दाबून इथे निभाव लागत नाही, शत्रूची चाल ओळखावी लागते, आणि ती ओळखण्यासाठी तो शत्रू पुन्हा पुन्हा समोर यावा लागतो.

तो समोर आणण्याचे काम बोनफायर करतो. तिथे बसले की प्राणशक्ती आणि जखमा भरणाऱ्या पेयाची बाटली, एस्टस फ्लास्क, भरतात, पण साधे शत्रूही सगळे पुन्हा जिवंत होतात. बॉस आणि काही मोजके शत्रू तेवढे मेलेलेच राहतात. ही जोडणी पहिल्यापासून इतकी घट्ट नव्हती. 2009 च्या ‘डीमन्स सोल्स’मध्ये स्टॅमिना होता, मेल्यावर सोल्सही सांडत होते, पण जखमा भरण्यासाठी औषधी गवत होते, आणि ते शत्रूंकडून मिळवून किंवा विकत घेऊन भरपूर साठवता येत असे. गवताचा साठा मोठा असेल, तर वाटेतल्या चुका गवत खाऊन पुसून टाकता येत. हिदेताका मियाझाकी यांच्याच दिग्दर्शनाखाली 2011 मध्ये आलेल्या ‘डार्क सोल्स’ने ही फट बुजवली: साध्या बोनफायरवर एस्टसचे पाच घोट मिळतात आणि ते शत्रू मारून वाढत नाहीत. (बोनफायर एकदा प्रज्वलित केला की दहा मिळतात, पण त्यासाठी ह्युमॅनिटी नावाची वेगळी वस्तू खर्च होते.) त्यामुळे दोन बोनफायरमधला सगळा रस्ता हाच एक सामना होऊन बसतो.

आता आपण जिथे अडकला आहात तिथलेच पाहू. अनडेड बर्गच्या बोनफायरवरून निघाल्यावर आगीचे गोळे फेकणारे शत्रू भेटतात, मग ढाल-भालेवाले, आणि बुरुजाच्या जिन्यावर पेटते पिंप अंगावर येते. समजा, या वाटेत आपले तीन घोट संपले. टॉरसकडे नेणाऱ्या धुक्याच्या दारापाशी आपण उभे आहात, दोन घोट उरले आहेत आणि खिशात बरेच सोल्स आहेत. परत जाऊन बसलात तर घोट पाच होतील, सोल्स वापरून पातळी वाढवता येईल, पण सगळी वाट पुन्हा कापावी लागेल. आत गेलात आणि मेलात तर सोल्स तिथेच रक्ताच्या डागात राहतील. आपण भरलेल्या फ्लास्कसह बोनफायरवर उठाल, आणि डागापर्यंत पोहोचण्याआधी पुन्हा मेलात तर ते कायमचे जातील.

पहिल्या मृत्यूत आपले खरे नुकसान काहीच होत नाही, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. सोल्स शाबूत असतात, फक्त ते आपल्याला त्याच वाटेवर परत बोलावतात. दुसऱ्या फेरीत गोळे कुठून येतात आणि पिंप केव्हा सुटते हे ठाऊक असते, त्यामुळे तीनऐवजी एकाच घोटात दारापर्यंत पोहोचता येते. वाचलेले दोन घोट ही त्या मृत्यूतून झालेली कमाई आहे, आणि ती स्टॅमिना जपून वापरण्याची सवय लागल्यामुळेच शक्य झालेली असते.

दाराच्या आत गेल्यावर लगेच मागे वळा, शिडीने बुरुजावर चढा आणि वरच्या दोन तिरंदाजांना आधी संपवा. मग खाली उतरून तटावरून पुढे जा, टॉरस दिसताच मागे धावत येऊन पुन्हा चढा आणि वरून त्याच्या डोक्यावर उडी मारून वार करा. धावण्याने पट्टी निम्मी होते, म्हणून वर पोहोचल्यावर क्षणभर थांबून ती भरू द्या. डाग आत असेल तर आधी तो उचला. नंतर मेलात तरी ती रक्कम पुन्हा आतच पडेल. धोका असतो तो दारापर्यंतच्या वाटेवर. टॉरसचे 3000 सोल्स मिळाल्यावर पुढच्या पुलावर लाल ड्रॅगन आग ओकतो. तिथे पुलाच्या मध्यावरून खाली जाणाऱ्या पायऱ्या धरा. पुलाखालून गेल्यावर एक शिडी लाथेने पाडता येते आणि ती थेट त्याच बोनफायरपाशी उतरते. खिशात एवढी रक्कम असताना ती शिडी सापडल्यावर जो सुटकेचा श्वास येतो, तो मला या संपूर्ण शैलीत सर्वांत मोलाचा वाटतो.

ही जोडणी कुठे बिघडते हेही सांगतो. बोनफायरपासून बॉसपर्यंतची वाट लांब असली, पण तिच्यात शिकण्यासारखे काही उरले नसले, तर मृत्यू केवळ वेळ खातो. ओळखण्याची खूण सोपी आहे: दहाव्या फेरीत आपण शत्रूंशी न लढता नुसते त्यांच्या बाजूने पळत असाल, तर त्या वाटेचे काम संपलेले आहे. 2022 च्या ‘एल्डन रिंग’मध्ये बऱ्याच बॉसजवळ पुन्हा उठण्याची वेगळी जागा दिलेली आहे आणि लढाई नसताना धावण्याने स्टॅमिना खर्च होत नाही. हा बदल मला योग्य वाटतो, मात्र त्यामुळे वाट आणि बॉस हे दोन वेगळे सामने होतात.

2019 चा ‘सेकिरो’ ‘डार्क सोल्स’ बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरचाच आहे, पण त्यात स्टॅमिनाची पट्टी नाही, आणि मेल्यावर निम्मे पैसे व पुढच्या कौशल्यासाठी साठलेला निम्मा अनुभव जातो, तो परत उचलता येत नाही. तिथे मागच्या जागी परत बोलावणारे काहीच पडलेले नसते. म्हणून मी त्याला या शैलीचा जवळचा नातेवाईक मानतो, सोल्सलाइक म्हणत नाही. याउलट 2017 च्या ‘हॉलो नाइट’मध्येही स्टॅमिना नाही, पण मेल्यावर पैसे राखणारी आपलीच सावली तिथे थांबलेली असते आणि तिच्याशी लढून ते परत घ्यावे लागतात, त्यामुळे मागे फिरण्याचा तो प्रश्न त्यात मला पुरेपूर जाणवतो.