दोन भाषांची उपशीर्षके: एका वाक्याचे उदाहरण

समजा, पणजी शहरातल्या धक्क्यावरील एका प्रसंगात आजी म्हणते, ‘फेरीबोट सुटायच्या आत धक्क्यावर पोहोच, नाहीतर मी एकटीच पलीकडे जाईन.’ हे वाक्य अखंड ठेवल्यास प्रत्येक भाषेच्या दोन, म्हणजे एकूण चार ओळी होतात आणि चित्र झाकले जाते. म्हणून ते स्वल्पविरामापाशी तोडून दोन उपशीर्षके करावीत; वर मराठीची एक ओळ, खाली इंग्रजीची एक, आणि इंग्रजी ओळ ४२ अक्षरचिन्हांच्या आत.

वेळ संवादावरून नव्हे, तर वाचायला अधिक वेळ लागणाऱ्या ओळीवरून ठरवावी. सेकंदाला सुमारे १७ चिन्हे धरली, तर ४० चिन्हांच्या इंग्रजी ओळीला जवळपास अडीच सेकंद लागतात. आजी घाईने बोलत असल्यास मजकूरच संक्षिप्त करावा.

फाँटच्या बाबतीत नवशिक्यांची चूक हमखास होते. देवनागरीत वर-खाली मात्रांना जागा लागत असल्याने त्याच आकारात मूळ अक्षर लहान दिसते. म्हणून इंग्रजीचा आकार ४० असल्यास मराठीचा ४६ ते ४८ ठेवून पाहावा. काळी कडा जाड झाली की अनुस्वार किंवा ‘ई’च्या डोक्यावरची खूण बुजते, आणि ओळींतील अंतर कमी पडल्यास उकार इंग्रजी अक्षरांना टेकतो. ‘पोहोच’मध्ये हे दोष दिसणार नाहीत, ‘सुटायच्या’ आणि ‘जाईन’ हे शब्द मोबाइलच्या पडद्यावर तपासावेत.