तीस सेकंदांत आपलं बेळगावी बोलणं लपवायचं का?

प्रश्न: "उद्यमबागेत डिझाइनचं काम करतो, वय 29. हिंज या डेटिंग अ‍ॅपवर आवाजातली ओळख टाकायची आहे. मित्र म्हणतात, पुण्याच्या मुलीही ऐकणार, जरा शुद्ध मराठीत बोल. लिहून वाचलं तर बातम्यांसारखं वाटतंय, न लिहिता बोललो तर अडखळतोय. नेमकं कसं बोलावं?"

मी समारंभांचं निवेदन करते, त्यामुळे ओळखीतली मुलंमुली अशी रेकॉर्डिंग मला ऐकवायला आणतात. त्यातल्या बहुतेकांचं एकच चुकतं. ते ओळख करून देतात, आणि तिथं ओळख कुणी मागितलेलीच नसते. वय, उंची, नोकरी, गाव हे सगळं प्रोफाइलवर आधीच लिहिलेलं असतं. आवाजातून समोरच्याला एवढंच कळायला हवं, की या माणसाशी अर्धा तास गप्पा मारताना कसं वाटेल.

वडगावच्या एका मुलाचं उदाहरण सांगते, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. त्यानं पहिल्यांदा आणलेलं असं होतं: "हाय, मी एक साधा, मनमिळाऊ मुलगा आहे. मला प्रवास करायला, गाणी ऐकायला आणि नवीन लोकांना भेटायला आवडतं." आवाज छान होता, पण हे वाक्य कुणीही म्हणू शकेल. ऐकणारीला त्यावर विचारायला काही मिळत नाही. मी त्याच्यासमोर बसून विचारलं, "रविवारी काय करतोस?" आणि तो जे बोलला त्यातलंच घेऊन हे तयार झालं:

"रविवारी पहाटे सायकल काढून राजहंसगडाला जातोय. शेवटचा चढ मला अजून जमत नाही, तिथं उतरून ढकलतच नेतोय. पण वर पोचलं की येळ्ळूरची सगळी भातशेती खाली दिसतीय, पावसाळ्यात तर बघतच बसावं वाटतंय. उतरताना मात्र ब्रेकवरचा हात काढत नाही. चढायला येणार, का खाली चहा घेत थांबणार?"

हे 43 शब्द आहेत. निवांत बोललं तर वीस-बावीस सेकंद लागतात. हिंजवर 30 सेकंद मिळतात, पण ते भरायलाच हवेत असं नाही. साठ-सत्तर शब्द कोंबले की श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि घाई पहिल्या दोन वाक्यांतच कानाला जाणवते. शिवाय अ‍ॅपमधल्या प्रश्नांतला तू निवडलेला प्रश्न ऐकणारीला पडद्यावर दिसतच असतो, म्हणून तो परत वाचून सुरुवात करू नकोस. थेट उत्तरात शिर.

शेवटचं वाक्य बघ. त्यात 'तू' नाही, 'तुम्ही' पण नाही. आपल्याकडं अनोळखी मुलीला पहिल्याच वाक्यात 'तू' म्हटलं तर काहींना ते आगाऊ वाटतं, आणि 'तुम्ही' म्हटलं की बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसल्यागत वाटतं. "येणार, का थांबणार" असं विचारलं की ती अडचणच राहत नाही. आणि तिला एका शब्दात उत्तर देता येतं, "चहा". तिथून बोलणं आपोआप सुरू होतं. "मग भेटूया का?" असं मात्र विचारू नये. तेवढ्या ओळखीवर कुणालाही त्याचं उत्तर देणं अवघड जातं.

आता भाषेचं. तुझ्या मित्रांचा सल्ला मला अजिबात पटत नाही. "जातोय", "दिसतीय", "वाटतंय" हे तुझ्या तोंडात बसलेलं आहे. त्या जागी "जात असतो", "दिसते" आणलंस की जीभ सावध होते, आणि तो सावधपणाच बातम्यांसारखा ऐकू येतो. पुण्याची मुलगी हे सगळं नीट समजते. फक्त "काय करूलास" सारखी अगदी इथलीच रूपं एकापाठोपाठ आली तर बाहेरच्या माणसाला अर्थ लागायला वेळ लागेल, आणि 30 सेकंदांत तेवढा वेळ नसतो. एखादं आलं तर राहू दे. उलट ठसक्यासाठी मुद्दाम पेरूही नकोस. घरी आईशी जसं बोलतोस, त्याच्यापेक्षा अर्धा टप्पा सावकाश, एवढंच कर. कन्नड येत असेल आणि हुबळी-धारवाडकडच्या मुलीही ऐकणार असतील, तर ते लिहून कळवावं. आवाजात मध्येच भाषा बदलली की धागा तुटतो.

वाचल्यासारखं न वाटण्यासाठी पूर्ण वाक्यं लिहू नकोस. कागदावर चारच शब्द लिही. वरच्या उदाहरणात ते असतील: सायकल, चढ, भातशेती, चहा. मग समोर मित्राला किंवा बहिणीला बसव, तिला प्रश्न विचारू दे आणि तिच्याकडं बघून उत्तर दे. आधी फोनच्या साध्या रेकॉर्डरवर सराव कर. जमलं की अ‍ॅपमध्ये सलग बोल. वाचलेलं ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच सुरात खाली पडतो आणि थांबे सगळे सारख्याच लांबीचे असतात. बोलताना माणूस कुठं पटकन जातो, कुठं रेंगाळतो. भातशेतीवर तो मुलगा रेंगाळला, तेच ऐकायला गोड वाटलं.

खोलीचं सांगते, कारण निम्मी रेकॉर्डिंग तिथंच बिघडतात. फरशी आणि मोकळ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. गादी, पडदे, कपड्यांचं उघडं कपाट असलेली खोली घे आणि कपाटाकडं तोंड करून बोल. पंखा बंद कर. तू थांबलास की बरेच फोन आपोआप आवाजाची पातळी वाढवतात, आणि त्या क्षणी पंख्याची घरघर वर येते. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पत्र्यावर पाऊस वाजत असतो, तेव्हा उघडीप बघूनच बस. फोन तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला धर, नाहीतर 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवा माईकवर आदळून धप्प आवाज येतो. ब्लूटूथचे इअरफोन काढून ठेव. त्यांच्या माईकवरून आवाज बऱ्याचदा जुन्या टेलिफोनसारखा चपटा येतो.

व्हिडिओ करणार असशील तर बोलण्याचं सगळं हेच. उजेड खिडकीचा, तोही तोंडावर पडणारा. पण मागं काय दिसतंय ते नीट बघ: दारावरची पाटी, गाडीचा नंबर, कारखान्याचं नाव असलेला शर्ट. आवाजातही कंपनीचं नाव, गल्ली, रोजची वेळ सांगू नये. राजहंसगड चालेल, कारण तिथं कुणीही जातं. "रोज सकाळी सहाला अमुक चौकात असतो" हे चालणार नाही. बेळगावात तुझा आवाज एखाद्या मामेभावाच्या कानावर जाणार हेही धरून चाल, आणि त्यानं ऐकलं तरी हरकत नाही असंच बोल.

झालं की टाकायच्या आधी तुला फारसं न ओळखणाऱ्या एखाद्याला ते एकदाच ऐकव, आणि इअरफोनवर नको, फोनच्या स्पीकरवर. मग विचार, काय लक्षात राहिलं. त्यानं "सायकलचा चढ" असं काही सांगितलं तर टाक. "आवाज चांगला आहे" एवढंच म्हणाला, तर मजकूर बदल. तुझे चार शब्द कोणते ते इथं लिही, बघून सांगते.