‘प्रवाही’ की ‘तरल’? पेशीपटलातल्या मेदाला काय म्हणावं

प्रश्न (दापोलीहून): मुलगी अकरावीला आहे. पेशीपटलाच्या ‘फ्लुइड मोझेक मॉडेल’ला तिच्या क्लासमध्ये ‘प्रवाही मोझेक प्रारूप’ म्हणतात. प्रवाही म्हणजे वाहणारं ना? मग त्यातले मेद आणि प्रथिनं वाहून जातात तरी कुठे? की द्रव, तरल, द्रायू असा दुसरा शब्द हवा?

कुठेच जात नाहीत. ‘प्रवाही’ मला खटकतो तो याच कारणाने. ‘प्र’ म्हणजे पुढे आणि ‘वह्’ म्हणजे वाहणं. शब्द कानावर पडला की उतार आणि दिशा आलीच. जोग नदी आंजर्ल्याच्या खाडीकडे जाते, ती प्रवाही. पेशीपटलात असा उतार नाही.

तुमचं गाव कोकणातलं, म्हणून उत्तर स्वयंपाकघरातून देतो. पौष महिन्यात पहाटे खोबरेलाची बाटली उलटी केली तर थेंब पडत नाही. तेव्हा आपण ‘तेल गोठलं’पेक्षा ‘तेल थिजलं’ म्हणतो. पाणी गोठतं, तेल-तूप थिजतं. मराठीने हा भेद जपलाय. बाटली चुलीजवळ ठेवली की तेल ‘पातळ होतं’. ते बाटलीतच असतं, कुठे वाहत नाही, तरीही पातळ असतं. मॉडेलमधल्या ‘फ्लुइड’चा अर्थ नेमका एवढाच आहे: न थिजलेलं.

पटल मेदाच्या रेणूंच्या दोन थरांचं असतं. रेणूंची पाणी मानवणारी डोकी बाहेर आणि तेलकट शेपट्या आत. हा आतला भाग अंगाच्या उष्णतेला पातळ असतो, त्यामुळे प्रत्येक रेणू शेजाऱ्याशी सारखी जागा बदलत राहतो, सेकंदाला लाखो वेळा. कोणी ढकलत नाही, ओढत नाही. उष्णतेची धडपड तेवढी. तिला दिशा नसते आणि ते मोजूनही कळतं. मेदाचा रेणू पहिल्या सेकंदात साधारण दोन मायक्रोमीटर दूर पोचतो, म्हणजे एखाद्या जिवाणूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो वाहत असता तर दहा सेकंदांत वीस मायक्रोमीटर गेला असता. प्रत्यक्षात सहाच्या आसपास जातो, कारण बरीच पावलं आधीची पावलं पुसून टाकण्यात जातात. दुप्पट अंतराला चौपट वेळ, हा त्या भटकण्याचा हिशेब. याला शास्त्रीय मराठीत ‘विसरण’ म्हणतात. शब्द ‘सृ’ म्हणजे सरकणं यावरून आलाय, ‘विसरणे’शी त्याचं नातं अर्थाने नाही. पण रेणू आपण कुठून आलो ते खरंच विसरतो, त्यामुळे मला हा योगायोग आवडतो.

एक हालचाल मात्र या पातळपणात बसत नाही. बाहेरच्या थरातल्या रेणूला आतल्या थरात उलटी मारायची तर पाणी आवडणारं डोकं तेलकट शेपट्यांमधून न्यावं लागतं. ते आपसूक घडायला तास, कधी दिवस लागतात, आणि पेशीला घाई असेल तर त्यासाठी खास प्रथिनं राबवावी लागतात. बाटलीतल्या खोबरेलाची उपमा इथे अपुरी पडते.

आता प्रथिनांकडे. मोझॅकच्या लादीत संगमरवराचे तुकडे सिमेंटात रुतलेले असतात. शंभर वर्षं झाली तरी तिथेच. सिंगर आणि निकोल्सन यांनी 1972 साली हे मॉडेल मांडलं, तेव्हा ‘मोझेक’ने प्रथिनं पटलात जागोजाग जडलेली आहेत हे सांगितलं आणि ‘फ्लुइड’ने लगेच त्यातलं सिमेंट काढून घेतलं. दोन शब्द एकमेकांशी भांडतात आणि त्या भांडणातच अर्थ आहे. म्हणून पहिला शब्द चुकला तर दुसराही चुकतो.

प्रथिनं खरंच सरकतात हे 1970 साली फ्राय आणि एडिडिन यांनी दाखवलं होतं. त्यांनी एका विषाणूच्या मदतीने उंदराची पेशी आणि माणसाची पेशी एकमेकींत जोडली. उंदराच्या प्रथिनांना हिरवं चमकणारं प्रतिपिंड चिकटवलं, माणसाच्या प्रथिनांना लाल. जोडल्या-जोडल्या पेशी अर्धी हिरवी, अर्धी लाल दिसली. 37 अंशांना ठेवल्यावर चाळीस मिनिटांत बहुतेक पेशींत दोन्ही रंग सगळीकडे मिसळले.

इथे संशयाला जागा आहे. पेशी शक्ती खर्चून प्रथिनं उचलून नेत असेल, किंवा नवी प्रथिनं बनवून पटलात बसवत असेल. म्हणून त्यांनी ऊर्जा तोडणारी आणि प्रथिननिर्मिती थांबवणारी रसायनं घातली. रंग तरीही मिसळले. मग पेशी थंड केल्या, आणि 15 अंशांच्या खाली मिसळणं जवळपास थांबलं. उपाशी पेशीत चालणारी आणि गार पेशीत अडणारी हालचाल मेदाच्या पातळपणावरच उभी असणार. बाटलीतलं खोबरेल ज्या कारणाने अडतं, साधारण त्याच कारणाने.

थिजण्याचा बिंदू शेपट्यांवर ठरतो. कोकमाच्या बियांचं मुठेल कोकणच्या उन्हाळ्यातही गोळा होऊन बसतं, कारण त्यात सरळ शेपट्यांचं मेदाम्ल भरपूर असतं आणि त्या लाकडाच्या मोळीसारख्या घट्ट बसतात. माशाच्या तेलातल्या शेपट्यांना जागोजाग वाक असतो, त्यामुळे त्या घट्ट बसूच शकत नाहीत. थंड पाण्यात गेलेले मासे आपल्या पटलात अशा वाकड्या शेपट्यांचं प्रमाण वाढवतात, म्हणून त्यांची पटलं थिजत नाहीत.

मात्र सगळी प्रथिनं मोकाट फिरतात असं मुलीला सांगू नका. परीक्षेत तिथेच घसरतात. हर्णैच्या बंदरात नांगरलेली होडी जितका दोर तितकीच फिरते. लाल रक्तपेशीतली बरीच प्रथिनं पटलाखालच्या प्रथिनांच्या जाळ्याला अशीच बांधलेली असतात. कोणतं बांधलेलं, कोणतं सुटं, हे ओळखायला चमकणाऱ्या पटलावर लेझरने एक ठिपका विझवतात आणि वाट बघतात. आजूबाजूचे चमकणारे रेणू आत शिरले की ठिपका पुन्हा उजळतो. मेदाच्या बाबतीत काही सेकंदांत, प्रथिनांच्या बाबतीत बहुधा सावकाश. जितका भाग अंधाराच राहतो, तितके रेणू नांगरलेले.

आता शब्दांचा निकाल. ‘द्रायू’ द्रव आणि वायू जोडून घडवलाय. त्यात वायू येतो आणि पटलात वायूचं काही काम नाही. ‘द्रव’ चूक नाही, पण पटल बाहेरच्या पाण्यासारखंच वाटायला लागतं. ‘पातळ’ अर्थाने सर्वांत जवळचा, पण ‘पातळ पटल’ म्हटलं की जाडी कमी असंच कुणीही वाचेल. ती कमीच आहे हा आणखी एक घोळ. उरतो ‘तरल’. आज आपण तो कवितेसाठी, भावनेसाठी राखून ठेवलाय, आणि हिंदीत तो नुसता द्रव. पण संस्कृतात तरल म्हणजे थरथरणारं, इकडेतिकडे हलणारं, चंचल. दिशा नसलेली ही धडपड त्या जुन्या अर्थात अचूक बसते. मी ‘तरल मोझेक’ लिहितो. मुलीने पेपरात मात्र क्लासमधला शब्द लिहावा; तपासणाऱ्याशी वाद घालायची ती जागा नव्हे. फक्त कंसात ‘न थिजलेलं’ एवढं लिहिलं तर मला आनंद होईल.