टॉर्नेडो चार्टमधील सर्वांत लांब पट्टी

प्रश्न: वाघोलीतील आमच्या गृहप्रकल्पात प्रत्येक गृहीतक १० टक्क्यांनी वरखाली केले, तर नफ्यावरचा प्रत्येकाचा परिणाम लांब ते आखूड अशा आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या टॉर्नेडो चार्टमध्ये विक्रीदरच सर्वांत वर येतो. नफ्याला खरा धोका त्याचाच समजावा का?

उत्तर: तसे लगेच समजू नये. सर्वांना सरसकट १० टक्के लावले की ज्या बाबीची रक्कम मोठी, तिचीच पट्टी लांब दिसते. ती बाब प्रत्यक्षात किती हलू शकते, हे त्यातून कळत नाही.

उदाहरणादाखल विक्री ३५ कोटी, बांधकाम १४ कोटी, जमीन व इतर खर्च १५ कोटी, म्हणजे नफा ६ कोटी धरू. १० टक्क्यांच्या हिशेबाने विक्रीदराची पट्टी २.५ ते ९.५ कोटी, तर बांधकामाची ४.६ ते ७.४ कोटी येते. मात्र निम्म्याहून अधिक सदनिकांचे करार झाले असल्याने सरासरी दर फार तर ५ टक्के उतरेल किंवा ३ टक्के चढेल, आणि कंत्राट अजून ठरलेले नसल्याने बांधकाम ५ टक्के स्वस्त ते २० टक्के महाग होऊ शकेल, असे मानले, तर विक्रीदराची पट्टी ४.२५ ते ७.०५ आणि बांधकामाची ३.२ ते ६.७ कोटी होते. क्रम उलटतो, आणि बांधकामाची पट्टी ६ कोटींच्या मध्यरेषेच्या डावीकडे, म्हणजे नफा घटण्याच्या बाजूला, झुकलेली दिसते. माझ्या मते हा झुकावच आधी पाहावा.

एक मर्यादा उरतेच: हा चार्ट एका वेळी एकच गृहीतक हलवतो. काम रखडले, तर व्याज आणि साहित्याचे दर सोबतच वाढतात. त्यासाठी विलंबाची वेगळी परिस्थिती मांडून नफा पुन्हा काढावा.